ज्याचं जनावर, त्याची पहिली पाटी

आक्काताईशी माझं कधी पटलं न्हाय, हे आधी सांगून ठेवतो. नायतर म्हणाल, दिलदार तिची तळी उचलतोय. मी महापालिकेच्या मेलेल्या जनावरांच्या गाडीचा ड्रायव्हर आणि ती गावाबाहेरच्या शेडची मुकादम. मी जनावर आणायचं, तिनं त्याची माती करायची. रोज सकाळी आमची जुंपायची. गाडीचा हौदा नीट धुतला न्हाईस. टायरवर औषध मारलं न्हाईस. शेडातलं बूट घालून चहाच्या टपरीवर गेलास. एकदा मी हातमोजा न काढता बिडी तोंडाला लावली, तर तिनं ती तोंडातनं ओढून फेकली आणि चार माणसांत माझा उद्धार केला. बरोबर होतं तिचं, पण बोलायची एक रीत असते का न्हाय? त्या बाईला रीतच न्हवती.

नवरा भाऊसो महापालिकेत झाडूला होता. तो गेला आणि त्याच्या जागेवर ही लागली. झाडूचं काम मिळत होतं, ते सोडून हिनं ह्या शेडचं मागून घेतलं. का, ते तिच्या सख्ख्या भावालाबी कळलं न्हाय. प्रसेनजीत त्याचं नाव, इचलकरंजीला मास्तर हाय. त्यांचं मूळ गाव आजऱ्याकडचं. तिकडं त्यांच्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, तवा गावानं त्यांचं पाणी तोडलं, दळण तोडलं, त्यानं मारबी खाल्ला म्हणं. तरी म्हातारा हलला न्हाय. आणि त्याच म्हाताऱ्याची नात ढोरांच्या शेडात उभी. प्रसेनजीतनं तिच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. मी एकदा तिला छेडलं की बाई, भाऊ म्हणतो त्यात काय चूक? तर म्हणाली, माझा आजा दोरीनं ओढायचा, फुकट ओढायचा आणि एकटा ओढायचा. हितं क्रेन उचलतंय, मी पगार घेते आणि एकटी करत न्हाय. झालं? गाडी धू जा.

त्या 'एकटी करत न्हाय'मागं तिचा एक नियम होता. ज्याचं जनावर, त्याची पहिली पाटी. कुणीबी असो, बंगलेवाला असो, तालमीचा पैलवान असो, कुत्र्याची मालकीण असो. मालकानं आत यायचं, बूट-मोजं चढवायचं, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचं आणि आपल्या जनावरावर भुश्या-चिपाडाची पहिली पाटी, म्हणजे टोपली, आपल्या हातानं घालायची. त्याबिगर ती क्रेन हलवू द्यायची न्हाय. लोकं शिव्या द्यायची, वर तक्रारी करायची. आमच्या डॉक्टरबाई, निशा मॅडम, त्यासुद्धा तिला कितीदा म्हणाल्या की बाहेरच्या माणसाला आत घेऊ नका, जनावर कशानं मेलंय ते आपल्याला कुठं ठावं असतंय? आक्का मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता शेडचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. आमच्याकडं आधी लोकं ओढ्याकाठी हातभर खड्डा काढायची आणि वर दोन धोंडं ठेवून मोकळी व्हायची. कुत्री उकरायची. पूर आला की पुरलेलं सगळं तरंगत गावात परत. पुरायचं तर माणूसभर खोल पाहिजे, विहीर-नदीपासनं लांब पाहिजे, आणि आमच्याकडं पावसाळ्यात खड्डा काढला की खालनंच पाणी लागतंय. म्हणून ही शेड. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा, कडंनं जाळी आणि गळतीचं पाणी धरायला टाकी. कोब्यावर साखर कारखान्याच्या चिपाडाचा दोन फूट थर द्यायचा. त्यावर जनावर. म्हैस-बैल असलं तर लांब सुरीनं पोटाला भोक पाडायचं, नायतर ते फुगून ढीग फोडतंय. मग वरनं, चारी बाजूनं पुन्हा दोन दोन फूट चिपाड आणि जुनं खत, जरा ओलसर. हातात दाबलं तर ओल लागावी, पाणी गळू नये. एवढं जमलं की ढीग आतनं तापतो. साठ डिग्रीच्या वर जातो. तेवढ्या गर्मीत रोगाचं बरंचसं मरतं आणि बाहेर नाकाला काही लागत न्हाय. तीन-चार महिन्यांनी उघडून उलटायचं. मांस गेलेलं असतं, मोठी हाडं राहत्यात, ती बोटानं मोडत्यात. ती नव्या ढिगात घालायची. झालेलं खत रस्त्याकडंच्या झाडांना. भाजीला न्हाय, हे आक्का दहादा सांगायची.

सगळीच जनावरं ढिगात जात न्हाईत. एकदा मलकापूरच्या रस्त्यावरनं बैल आणला. नाकातनं काळं रगत, आणि ते गोठलेलं न्हवतं, म्हणजे काळपुळीचा संशय. आक्कानं मला गाडीचं फाळकंच उघडू दिलं न्हाय. डॉक्टरबाईंनी कानाच्या टोकाचं दोन थेंब रगत घेतलं आणि बैलाला सुरी न लावता, आख्खा, माळावर खोल पुरला. खाली-वर चुना, दोर जाळलं, गाडी दोनदा धुवून घेतली. त्या दिवशी मात्र तिनं मालकाला पाटी घालू दिली न्हाय, लांब उभा केला. तवा मला वाटलं, चला, हिला कुठंतरी कळतंय म्हणायचं.

शेड आली तवा समोर नुसता माळ होता. मग तितं कॉलनी झाली. माळ घेताना ह्यांना शेड दिसली न्हाय, बंगलं बांधताना दिसली न्हाय, वास्तुशांतीचं जेवण झाल्यावर दिसली. विजयसिंह त्यांचा म्होरक्या. म्हशीवालं घर, बंगल्यामागं गोठा, सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध देणारी माणसं. त्याच्या गोठ्याच्या शेणाचा वास गल्लीभर, पण त्याचं काय, आपला तो बाब्या! शेड हलवा म्हणून त्यानं बोर्ड लावला, मोर्चा काढला, माझ्या गाडीसमोर आडवा पडला. गाडीची काच कुणी फोडली ते मला माहीत हाय, पण ते असो.

आणि श्रावणात ह्याच विजयसिंहाची चंद्री म्हैस मेली.

चंद्री म्हणजे साधी म्हैस न्हवं. पाडव्याला शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून, मोटरसायकलीमागं पळवायची म्हैस. बक्षिसं घेतलेली. विजयसिंहाची आई धोंडुबाई तिला स्वतःच्या हातानं न्हाऊ घालायची. आता पाऊस असा लागलेला की पुरायला कुठं खड्डा काढायची सोय न्हवती. शेवटी चडफडत त्यानं आम्हालाच फोन केला. आक्कानं त्याला गेटवर बघितलं आणि मला वाटलं, आता ही ह्याला सोलती. तिनं एवढंच सांगितलं की पहिली पाटी तुमची.

तर घरची सगळीच आली. म्हातारी, सुना, चुलत्यांची माणसं. पाट्यासुद्धा घरच्या, भुसा गोठ्यातला. म्हातारी म्हणाली, आमच्या चंद्रीला आमच्याच गोठ्यातला भुसा घालतो, एवढं ऐका. आक्का ऐकत न्हाय कुणाचं. पण एवढी माणसं, ती पण ह्या घरची, आपल्या हातानं पाट्या भरून उभी राहिलेली बघून ती विरघळली, दुसरं काय. तोंड दुसरीकडं करून म्हणाली, घाला. मी बघत होतो. पाट्यांची रांग लागली, विजयसिंहसुद्धा दात-ओठ खात एक पाटी घालून गेला. म्हातारी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून रडली. नंतर आक्का मला म्हणाली, बघितलंस? आणि दिवसभर माझ्यावर एकदाबी डाफरली न्हाय.

तो ढीग तापला न्हाय. आक्काकडं काठीएवढा लांब थर्मामीटर हाय, तो रोज खुपसायची. शेजारचे ढीग वाफाळायचे आणि हा आपला कोमट. ती म्हणाली, पावसाची झड आत आली असंल, ओल जास्त झाली. कोरडं चिपाड वाढवलं. तरी न्हाय. डॉक्टरबाईंनी सांगितलं, उलटून पुन्हा रचा. तेवढ्यात कॉलनीवाल्यांनी महापालिकेच्या वरच्या साहेबाकडं धाव घेतली की आत नुसती मढी सडायला ठेवलीत, एक तरी ढीग आमच्यासमोर उघडून दाखवा. नीट माती झालेली दिसली तर आम्ही गप बसतो, न्हाय दिसली तर शेडला कुलूप. साहेब म्हणाला, ठीक. दिवाळीनंतरचा दिवस ठरला, आणि त्या गडबडीत चंद्रीचा ढीग उलटायचा राहिला.

आक्काला त्या दिवसाची भीती न्हवती. कडंचा बैलाचा ढीग तिनं तयार ठेवलेला, नुसती काळी माती झाली होती. शेड राहणार, ह्याची तिला खात्री होती, आणि शेड गेली तर तिला झाडूवर जावं लागणार होतं, हेबी तिला माहीत होतं. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती, वर युनिफॉर्मचा कोट.

साहेब आला, डॉक्टरबाई आल्या, कॉलनीतली चाळीसेक माणसं नाकाला रुमाल लावून जाळीबाहेर. साहेबानं त्यातल्या दोघाचौघांना बूट घालून आत घेतलं. आक्का बैलाच्या ढिगाकडं निघाली आणि विजयसिंह म्हणाला, तो नको. आमची चंद्री कुठाय? ती उघडा.

डॉक्टरबाई मधी पडल्या, तो ढीग गार हाय, अजून व्हायचाय. पण त्यांचं बोलणं म्हणजे आगीत तेल. बाहेरनं ओरडा, लपवताय, लपवताय. साहेबानं मान हलवली. आक्कानं फावडं घेतलं.

वरचं चिपाड निघालं. मग वास आला, आणि मी बारा वर्षं ह्या धंद्यात असून मागं सरलो. चंद्री होती. आख्खी. कातडं ताणलेलं, शिंगाला गेल्या पाडव्याचा रंग तसाच. तीन-साडेतीन महिन्यात त्या म्हशीचं काहीच झालं न्हवतं. बाहेर एक बाई ओकली. कॉलनीवाल्यांनी फोन वर धरून शूटिंग सुरू केलं. विजयसिंह बोंबलत होता की बघा, ह्याला खत म्हणत्यात, आमच्या पोराबाळांच्या नाकासमोर मढी मुरवत्यात. त्यात त्याचं रडंबी होतं, ते मला दिसलं. त्याची म्हैस होती शेवटी. पण त्या घडीला मला त्याच्या कानाखाली ओढायची इच्छा झाली.

आक्का वाकून बघत राहिली. चंद्रीच्या पाठीवर भुश्यात पांढरे खडे होते, खाली ओलसर पांढरी खरवड धरलेली. तिनं ते फावड्याच्या टोकावर घेतलं आणि उजेडात धरलं. डॉक्टरबाईंनाबी कळलं. चामड्याच्या वखारीत कातडं टिकवायला जे चोळत्यात, ते. खडं मीठ. एखाद-दोन मुठी न्हवं, पोत्यानं. एवढ्या मिठात किडा जगत न्हाय, कुजवणारं काहीच जगत न्हाय, ढीग तापणार कशानं?

तिनं फावडं घेऊन जाळीकडं बघितलं. "पाट्यात काय हुतं?"

विजयसिंह गप झाला, आणि त्याच्या गप बसण्यावरनं मला कळलं की ह्याला ठाऊक होतं. मग बाहेरच्या गर्दीतनं म्हातारीचा आवाज आला. लपवायचं काही हाय, हे तिच्या ध्यानीमनीच न्हवतं.

"मीठ. आमच्या घरात पुरताना घालत्यात. माझ्या सासऱ्याला घातलं, मालकांना घातलं, मग चंद्रीला का बिनमिठाची घालू? भुश्याखाली ठेवलं, तुम्ही नको म्हणाल म्हणून."

"आई, तू गप," विजयसिंह म्हणाला.

डॉक्टरबाईंनी साहेबाला समजावून सांगितलं. चूक ढिगाची न्हाय, मिठाची हाय. बाकीचे ढीग बघा. आम्ही बैलाचा ढीग उघडला. काळी, भुसभुशीत माती, रानातल्या मातीचा वास, आत हाडाचे तुकडे. कुणी बघितलं न्हाय. सगळ्यांचे फोन चंद्रीवरच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी बघितल्या. आणि तेवढ्यात विजयसिंह आक्कासमोर येऊन उभा राहिला.

"तुमच्या माणसांनी ही कामं सोडली म्हणून मिरवता की," तो म्हणाला. "मग आमच्या हातानं का करून घेता? सूड उगवता व्हय? पाटी घालायला लावली नसती, तर मीठ आत आलं असतं का?"

माझं रगत तापलं. पण खरं सांगतो, शेवटचं वाक्य त्याचं बरोबर होतं, आणि तेच आक्काला लागलं. ती त्याला कच्चा खाईल असं मला वाटलं. तिनं फावडं खाली टेकवलं.

"माझ्या आज्यानं सोडलं," ती म्हणाली, "कारण जनावर गावाचं, आणि मेल्यावर तेवढं त्याचं व्हायचं. तुमची म्हैस मेल्यावरबी तुमचीच राहू दे, एवढंच मागते मी."

तो थुंकला आणि निघून गेला.

त्या दिवशी आक्कानं आणि मी चंद्रीचा ढीग पुन्हा रचला. मिठाचा भुसा सगळा खरवडून पोत्यात भरला, वेगळा काढला. नवा थर, नवं चिपाड, वर चांगलं तापलेलं जुनं खत. दुसऱ्या आठवड्यात थर्मामीटरचा काटा साठावर गेला. पण ते बघायला कोण येतंय?

साहेबाचा निर्णय डॉक्टरबाईंनी येऊन सांगितला. शेड राहणार. कुलूप न्हाय, आक्काची मुकादमकीबी तशीच. फक्त आजपासनं बाहेरचं एकसुद्धा माणूस गेटच्या आत न्हाय. जनावराला हात फक्त शेडच्या माणसांचा. कॉलनीनंबी एवढ्यावर तडजोड केली. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनीच हे किती वर्षं सांगितलं होतं, आणि आता बोलताना त्यांना जड जात होतं. मी म्हणालो, चला, सुटलो, शेड वाचली. आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली.

"मॅडम, नियम तुमचा बरोबर हाय," ती म्हणाली. "रोगराई हाय, मीठ हाय, सगळं मान्य. माझ्या आज्यालाबी असंच एकट्याला आत सोडायची लोकं, आणि वेशीबाहेर नाक धरून उभी राहायची. तवा कुणी त्याला आरोग्याचं कारण सांगत न्हवतं, एवढाच फरक."

मी बाहेर जाऊन उगाच गाडी धुतली, आधीच धुतलेली.

तिनं नियम पाळला. अगदी अक्षराला धरून. कुणी गेटच्या आत न्हाय, कुणाच्या हाताला पाटी न्हाय. मालक गाडीमागं गेटपर्यंत यायचे, तितंच थांबायचे, बरेचसे तर फोनवर बोलत. ती एकटी पाट्या घालायची. त्या महिन्यांत ती माझ्याशी भांडलीसुद्धा न्हाय, आणि मला ते अजिबात सोसलं न्हाय. एकदा तर मी मुद्दाम शेडचं बूट घालून टपरीवर गेलो. ती काही बोलली न्हाय.

उन्हाळ्यात विजयसिंहाची दुसरी म्हैस गेली, विताना. मी क्रेननं ती थरावर ठेवली. गेटबाहेर तो आणि धोंडुबाई. म्हातारी जाळीला धरून उभी. हा पाठ करून, रुमाल नाकाला, खांद्यावरनं म्हणाला, उरका लवकर.

आक्कानं पाटी उचलली आणि थांबली. पाटी तशीच कमरेला धरून ती उभी राहिली. मी म्हणालो, आक्का, घाल की, ऊन चढाय लागलंय. ती हलली न्हाय. तिची नजर त्याच्या पाठीवर.

"आत येऊ नका," ती गेटकडं ओरडली. "हातबी लावू नका. पण तोंड हिकडं करा. तुम्ही बघितल्याबिगर पाटी पडणार न्हाय."

त्यानं शिवी दिली. हे कुठल्या नियमात हाय, म्हणाला. ती म्हणाली, कुठल्याच न्हाय. आणि पुन्हा गप उभी राहिली. माश्या घोंगावाय लागल्या. पाटी जड असते हो, ओल्या चिपाडाची. मी पुढं झालो, तर तिनं डोळ्यांनीच मला मागं सारलं. विजयसिंह तसाच पाठ करून. ह्या दोघांत कोण आधी हरतंय, मला काही कळंना.

शेवटी म्हातारीनं जाळी सोडली. चालत लेकापाशी गेली, लहान पोराची धरावी तशी त्याची हनुवटी धरली आणि तोंड शेडकडं फिरवलं. त्यानं हात झटकला न्हाय. डोळ्यांत नुसता राग होता, माणूस जिवंत जाळावा असा. पण बघत होता.

आक्कानं पाटी ओतली.